साडीचं दुकान, दोन स्वाइप मशिनं आणि बँकेची वार्षिक प्रश्नावली

दादर पश्चिमेला, रानडे रोडपासून आत वळणाऱ्या गल्लीत साड्यांचं एक जुनं दुकान आहे. खाली काउंटर आणि गल्ला, वर पोटमाळ्यावर पैठण्या. काउंटरवर बँकेची दोन स्वाइप मशिनं आहेत आणि सुनेने हट्टाने सुरू केलेली एक वेबसाइटही आहे. दुकान सासऱ्यांच्या नावावर, पण बिलिंग, वेबसाइट आणि बँकेची पत्रं सून बघते. मी आसपासच्या दुकानांचे संगणक, नेटवर्क आणि बिलिंग सांभाळतो, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. दुकानाची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

निमित्त होतं बँकेचा मेल. तीस दिवसांत पीसीआय डीएसएसची, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमांची, स्वमूल्यांकन प्रश्नावली भरून, सही करून पोर्टलवर चढवा, असं त्यात लिहिलं होतं. सुनेने पोर्टल उघडलं तर पहिल्याच पानावर दोन रकाने: मर्चंट लेव्हल आणि एसएक्यू टाइप. एसएक्यू म्हणजेच ही प्रश्नावली. लेव्हल चार निवडल्यावर दुसऱ्या रकान्यात ए, ए-ईपी, बी, बी-आयपी, सी, डी अशी अक्षरांची रांग आली.

सासरे, ज्यांना मी काका म्हणतो, ते म्हणाले, "चार म्हणजे सगळ्यात खालची लेव्हल ना? मग सगळ्यात छोटा फॉर्म घ्या आणि मोकळे व्हा."

छोट्या दुकानांत हाच गोंधळ मी सगळ्यात जास्त पाहतो. लेव्हल आणि फॉर्मचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाला किती कार्ड-व्यवहार होतात यावर लेव्हल ठरते, आणि तुमचं पालन कोण तपासणार, कागद कोणता द्यायचा हे लेव्हल सांगते. फॉर्मचा प्रकार मात्र कार्डाचा नंबर तुमच्या दुकानात कुठून शिरतो आणि कुठे जातो यावर ठरतो. वर्षाला दोनशेच कार्डं घेणाऱ्या दुकानालाही सगळ्यात मोठा फॉर्म, म्हणजे डी, लागू शकतो.

लेव्हल: हा भाग सोपा होता

पीसीआयचे नियम ज्या संस्थेकडून येतात ती २००६ साली व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी या पाच कार्ड कंपन्यांनी स्थापन केली. नियम ती संस्था लिहिते, पण लेव्हल ती ठरवत नाही. लेव्हलचे आकडे कार्ड कंपन्यांचे असतात, आणि तुमच्यापुरता शेवटचा शब्द तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेचा असतो.

व्हिसा आणि मास्टरकार्डची उतरंड साधारण सारखी आहे. वर्षाला साठ लाखांहून जास्त व्यवहार असतील तर लेव्हल एक, दहा लाख ते साठ लाख असतील तर लेव्हल दोन. वीस हजार ते दहा लाख ऑनलाइन व्यवहारांना लेव्हल तीन. त्याखाली, म्हणजे ऑनलाइन वीस हजारांपेक्षा कमी आणि एकूण दहा लाखांपर्यंत, लेव्हल चार. ही मोजणी प्रत्येक कार्ड कंपनीची वेगळी होते, सगळ्यांची बेरीज करायची नसते.

आम्ही बँकेच्या मासिक विवरणांवरून वर्षाचा आकडा काढला. व्हिसाचे काउंटरवर सुमारे ४,८०० व्यवहार आणि वेबसाइटवर सातशेच्या आसपास. मास्टरकार्डचे त्याहून कमी. सुनेने आधी काढलेला आकडा याच्या कितीतरी पट होता, कारण तिने यूपीआयही धरलं होतं. काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून ग्राहकाच्या बँक खात्यातून पैसे येतात, त्यात कार्डाचा नंबर कुठेच नसतो. त्यामुळे ते या मोजणीत येत नाही. आजच्या मुंबईत बहुतेक दुकानांचा मोठा धंदा यूपीआयवर चालतो, तेव्हा हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

म्हणजे लेव्हल चार पक्की. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की बाहेरचा मान्यताप्राप्त ऑडिटर बोलवावा लागत नाही. दुकानाने स्वतः प्रश्नावली भरायची, सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर जबाबदार व्यक्तीने सही करायची, आणि लागू असेल तिथे बाहेरून होणाऱ्या स्कॅनचा अहवाल जोडायचा. लेव्हल एकच्या व्यापाऱ्याला दरवर्षी पूर्ण तपासणी अहवाल द्यावा लागतो. दुकानातून कार्डांची माहिती फुटली तर कार्ड कंपनी छोट्या व्यापाऱ्यालाही वरच्या लेव्हलला टाकू शकते, आणि मग तो खर्च दुकानाच्या माथी येतो.

काउंटर: मशीन कशाला जोडलंय?

पैसे घेण्याच्या दोन वाटा होत्या, म्हणून आम्ही त्या वेगवेगळ्या तपासल्या. मशिनं आणि वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेणारी सेवा, म्हणजे गेटवे, दोन्ही एकाच बँकेमार्फत घेतलेले असल्याने विचारायचं ठिकाण एकच होतं. दोन वाटांसाठी दोन स्वतंत्र फॉर्म चालतील, असं बँकेने आम्हाला मेलवर लिहून दिलं. हे लिखित घ्यावं. नाहीतर काही बँका सगळ्याचा मिळून एकच डी मागतात.

मशिनांसाठी दोन फॉर्म जवळचे वाटतात. बी हा टेलिफोन लाइनवरून डायल करणाऱ्या स्वतंत्र मशिनांसाठी आहे, तर बी-आयपी इंटरनेटवरून बँकेशी बोलणाऱ्या स्वतंत्र मशिनांसाठी. या दुकानातली मशिनं वाय-फायवर होती, कारण गल्लीत आत सिमचं नेटवर्क धड मिळत नाही. तेव्हा बी-आयपी.

पण प्रत्येक फॉर्मच्या सुरुवातीला पात्रतेच्या अटी असतात, आणि खरी परीक्षा तिथेच होते. पुढचे प्रश्न त्यानंतर. बी-आयपीच्या अटी आपल्या भाषेत सांगायच्या तर अशा: मशीनचं मॉडेल पीसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत हवं. मशीन बँकेशी थेट बोलायला हवं, मध्ये संगणक किंवा मोबाईल नको. दुकानातल्या इतर यंत्रणेशी ते जोडलेलं नको. आणि कार्डाची माहिती दुकानात कुठेही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली नको. कागदी पावत्या असल्या तर चालतात.

मॉडेलचं काम सोपं होतं. मशीनच्या पाठीवरच्या लेबलवर मॉडेल आणि हार्डवेअरचा क्रमांक असतो, तो पीसीआयच्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधायचा. दोन्ही मशिनं सापडली. बिलिंग सॉफ्टवेअरशी ती केबलने जोडलेली नव्हती, रक्कम हाताने टाकली जायची. तेही बरं झालं.

अडलं ते "इतर यंत्रणेशी जोडलेलं नको" या अटीपाशी. दुकानात वाय-फाय एकच. त्यावर बिलिंगचा संगणक, सुनेचा लॅपटॉप, नोकरांचे मोबाईल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि ही दोन मशिनं. पासवर्ड काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलेला. साडी बघता बघता कंटाळलेल्या नवरेमंडळींनाही तोच दिला जायचा. याशिवाय डीव्हीआर घरून मोबाईलवर दिसावा म्हणून केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घेतला होता आणि राउटरवर पोर्ट उघडून ठेवला होता. इंटरनेटवरचा कुणीही त्या डीव्हीआरच्या लॉगिन पानापर्यंत पोहोचू शकत होता, आणि डीव्हीआर ज्या नेटवर्कवर होता त्याच नेटवर्कवर स्वाइप मशिनं होती. अशा स्थितीत बी-आयपीच्या अटीवर हो म्हणणं खोटं ठरलं असतं.

उपाय फार महाग नव्हता. केबलवाल्याने दिलेल्या राउटरमागे व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी नेटवर्क, करता येणारा एक राउटर बसवला आणि सगळं त्याच्यावर घेतलं. मशिनांना वेगळं वाय-फाय नाव, वेगळा पासवर्ड, वेगळं नेटवर्क. त्या नेटवर्कमधून बाहेर इंटरनेटला जाता येतं, पण दुकानातल्या दुसऱ्या नेटवर्ककडे नाही, आणि तिकडून इकडेही येता येत नाही. डीव्हीआरसाठी उघडलेला पोर्ट बंद केला.

वेगळं केलं म्हणजे ते वेगळं झालंच असं धरू नये. तपासताना एक खाच आहे. बिलिंगच्या संगणकावरून मशीनच्या पत्त्यावर पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण कित्येक मशिनं पिंगला मुळात उत्तरच देत नाहीत. म्हणून मशिनांच्या नेटवर्कवर तात्पुरता एक लॅपटॉप बसवला, तो त्याच नेटवर्कमधून पिंगला उत्तर देतो याची खात्री केली, आणि मग बिलिंगच्या संगणकावरून तोच पत्ता मारला.

```
ping 192.168.20.50
Request timed out.
```

उलट दिशेनेही तेच करून पाहिलं. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट तारखेसह फाइलमध्ये ठेवले, म्हणजे पुढे बँकेने विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल.

बी-आयपीत मशिनांच्या देखरेखीचाही भाग आहे, आणि माझ्या मते छोट्या दुकानाला सगळ्यात उपयोगी तोच. प्रत्येक मशीनचं मॉडेल, जागा आणि सिरियल नंबर यांची यादी ठेवायची. ठरावीक काळाने मशीन उलटसुलट करून बघायचं: लेबलवरचा नंबर यादीशी जुळतो का, सील सरकलंय का, कार्ड घालायच्या फटीत काही जास्तीचं बसवलंय का. आणि काउंटरवरच्या माणसांना शिकवायचं की "बँकेकडून आलोय, मशीन बदलायचंय" असं म्हणत कुणी आला तर बँकेला फोन करून खात्री केल्याशिवाय मशीन हातात द्यायचं नाही. फोनही त्याने दिलेल्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या नंबरवर करायचा. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "मागे एक जण आला होता, आम्ही मशीन देऊन चहासुद्धा पाजला." तो बँकेचाच माणूस निघाला हे त्यांचं नशीब. आता गल्ल्याच्या खणात एक वही आहे, आणि दर सोमवारी दुकान उघडल्यावर तो मुलगा दोन्ही मशिनं बघून सही करतो.

वेबसाइट: पत्त्याची पट्टी बदलते का?

सुनेचं म्हणणं होतं, "दादा, वेबसाइटवर आपण काहीच घेत नाही. सगळं गेटवेवर होतं." म्हणजे फॉर्म ए. हा सगळ्यात लहान, आणि ज्यांनी कार्डाचं सगळं काम पीसीआय पालन करणाऱ्या दुसऱ्या कंपनीवर सोपवलंय त्यांच्यासाठी. ते बरोबरच होतं, पण अर्धंच.

आम्ही एक साडी कार्टमध्ये टाकून पैसे देण्याच्या पायरीपर्यंत गेलो. कार्डाचा नंबर भरायची चौकट आली तेव्हा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता दुकानाचाच होता. म्हणजे ग्राहक गेटवेच्या पानावर गेलाच नव्हता. मग चौकटीवर राइट-क्लिक केलं, तर क्रोमच्या यादीत "View frame source" हा पर्याय दिसला. याचा अर्थ ती चौकट गेटवेची असून दुकानाच्या पानात आयफ्रेम म्हणून बसवलेली होती. हा पर्याय दिसला नसता आणि कार्डाचे रकाने दुकानाच्या पानाचेच निघाले असते, तर फॉर्म ए सुटला असता आणि बराच मोठा ए-ईपी गळ्यात पडला असता, मग नंबर दुकानाच्या सर्व्हरवर साठत नसला तरी.

आयफ्रेम असेल तर फॉर्म ए चालतो, पण २०२५ पासून त्यात एक नवी अट आली आहे. पीसीआयच्या नियमांची सध्याची आवृत्ती ४.०.१ जून २०२४ मधली. तिच्यातल्या पुढच्या तारखेच्या अटी ३१ मार्च २०२५ पासून सक्तीच्या झाल्या. त्यात पैसे भरायच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची, म्हणजे कोडच्या तुकड्याची, यादी ठेवणं आणि पानात कुणी फेरफार केला तर कळेल अशी व्यवस्था करणं, ही दोन कलमं होती. ती जानेवारी २०२५ मध्ये फॉर्म ए मधून काढली गेली. त्यांच्या बदल्यात पात्रतेत एक वाक्य आलं: आपली साइट स्क्रिप्टद्वारे होणाऱ्या हल्ल्यांना बळी पडू शकत नाही, याची व्यापाऱ्याने खात्री केली आहे.

वाक्य एका ओळीचं असलं तरी त्यावर सही करणं तेवढं सोपं नाही. आयफ्रेम असलेल्या पानावर दुकानाच्या बाजूची कुठलीही खराब स्क्रिप्ट खऱ्या चौकटीच्या जागी नकली चौकट दाखवू शकते. ग्राहकाला फरक कळत नाही, गेटवेलाही नाही. सुनेच्या पैसे भरायच्या पानावर चॅटचं बटण होतं, जाहिरातींचा मागोवा घेणारे दोन तुकडे होते, आणि दिवाळी सेलसाठी वेबसाइट बनवणाऱ्याने टाकलेली सवलतीची पॉप-अप स्क्रिप्ट होती. ती कुठल्यातरी बाहेरच्या पत्त्यावरून यायची, आणि तो पत्ता कुणाचा हे कुणालाच सांगता येईना.

इथे तीन वाटा होत्या. एक, काढून टाकलेल्या त्या दोन कलमांसारखी व्यवस्था स्वतः करायची. दोन, आमची चौकट सांगितल्याप्रमाणे बसवली तर स्क्रिप्टच्या हल्ल्यांपासून संरक्षण मिळतं, असं गेटवेकडून लिहून घ्यायचं. तीन, आयफ्रेमच सोडून ग्राहकाला सरळ गेटवेच्या पानावर पाठवायचं. संस्थेच्या स्पष्टीकरणाप्रमाणे ती नवी अट आयफ्रेमवाल्यांसाठी आहे, ग्राहकाला पूर्णपणे दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्यांना ती लागू नाही.

मी तिसरी सुचवली. गेटवेच्या प्लगिनमध्ये हा बदल एका सेटिंगचा होता. सुनेला तो आवडला नाही, कारण दुसरं पान उघडलं की ग्राहक बिचकतो असं तिचं मत, आणि ते अगदी चूक नाही. पण वर्षाला सातशे-आठशे व्यवहारांसाठी स्क्रिप्टवर रोज नजर कोण ठेवणार? बदल केल्यावर पुन्हा एक साडी कार्टमध्ये टाकून पाहिलं. या वेळी पट्टीत गेटवेचा पत्ता आला. सवलतीची ती स्क्रिप्ट तरीही काढलीच.

ग्राहकाला दुसरीकडे पाठवलं म्हणजे दुकानाची साइट मोकळी सुटते, असं मात्र नाही. जे पान ग्राहकाला पाठवतं तेच कुणी बदललं तर ग्राहक नकली गेटवेवर जाऊन पोहोचेल. म्हणून फॉर्म ए मध्येही साइटच्या लॉगिनबद्दल प्रश्न आहेत. इथे "admin" नावाचं एकच खातं सून, वेबसाइट बनवणारा आणि वर्षभरापूर्वी काम सोडून गेलेला त्याचा मदतनीस असे तिघं वापरत होते. ते बंद करून दोघांना स्वतंत्र खाती दिली, बारा अक्षरांचे पासवर्ड ठेवले आणि मदतनिसाचा शिरकाव बंद केला. प्लगिनचे सुरक्षा-अपडेट आले की गंभीर असलेले महिन्याच्या आत चढवायचे, हे वेबसाइटवाल्याकडून लिहून घेतलं.

शिवाय दर तीन महिन्यांनी मान्यताप्राप्त स्कॅन कंपनीकडून साइट बाहेरून तपासून घ्यावी लागते. पहिल्या अहवालात साइट नापास झाली. कारण दुकानाचं नव्हतं, होस्टिंगचं होतं: सर्व्हर अजून एन्क्रिप्शनची टीएलएस १.० ही जुनी आवृत्ती स्वीकारत होता. या स्कॅनमध्ये गंभीरतेचे ४.० किंवा त्याहून जास्त गुण असलेला एकही दोष राहिला तर निकाल नापास. होस्टिंगवाल्याला तिकीट टाकलं, त्याने जुनी आवृत्ती बंद केली, पुन्हा स्कॅन केला आणि पास झाला. बी-आयपीमुळे दुकानाच्या ब्रॉडबँडच्या स्टॅटिक आयपीचाही असाच स्कॅन लागला. डीव्हीआरचा पोर्ट आधीच बंद केला होता म्हणून तो पहिल्याच फेरीत सुटला. पहिल्या वर्षी चारही तिमाहींचे अहवाल असलेच पाहिजेत असं नाही. ताजा स्कॅन पास असावा, सापडलेले दोष दुरुस्त करून पुन्हा तपासलेले असावेत, आणि दर तिमाहीला स्कॅन करण्याचं धोरण लिहून ठेवलेलं असावं.

आणि मग व्हॉट्सअॅप

दोन्ही वाटा मार्गी लागल्या असं वाटत असताना मी सवयीने विचारलं, "काका, फोनवरून कुणी कार्ड देतं का?"

"छे, फोनवरून नाही. व्हॉट्सअॅपवर देतात. न्यू जर्सीच्या त्या ताई दर दिवाळीला सहा-सात साड्या नेतात. कार्डाचा फोटो पाठवतात, मी मशीनवर नंबर टाकतो. भारतातल्या कार्डाला ओटीपी लागतो, त्यांच्याला लागत नाही."

फोटो पुढचा आणि मागचा, दोन्ही बाजूंचा. म्हणजे नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक, सगळंच. दुकानाच्या मोबाईलमध्ये असे फोटो शोधले तेव्हा परदेशातल्या बऱ्याच ग्राहकांची कार्डं निघाली, काही कित्येक वर्षांपूर्वीची. ती व्हॉट्सअॅपच्या चॅटमध्ये होती, फोनच्या गॅलरीत होती, तिथून गूगल फोटोजवर आपोआप गेली होती आणि व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्येही होती. शिवाय काकांच्या ऑर्डर-वहीत तीन-चार जणांचे नंबर तीन अंकांसकट लिहिलेले.

फॉर्म बी-आयपीच्या पात्रतेत "कार्डाची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवत नाही" हे वाक्य आहे. या फोटोंमुळे ते खोटं ठरत होतं. तसं झालं की दुकान लहान फॉर्मांतून बाहेर पडतं आणि डी लागू होतो, म्हणजे पीसीआयची जवळजवळ सगळीच कलमं. मागचे तीन अंक तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुणीच ठेवायचे नसतात, कागदावरही नाही आणि ग्राहकाच्या परवानगीनेही नाही. रिझर्व्ह बँकेचा नियमही आडवा येतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही कार्डाचा तपशील साठवता येत नाही. हिशेब जुळवायला शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं.

काकांना हे पटायला वेळ लागला. "अहो, ती माणसं विश्वासाने पाठवतात," ते म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यावरचा विश्वास ठीक आहे, पण तो फोन टॅक्सीत राहिला तर? सून मध्येच म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी राहिलाच होता." त्यावर काका गप्प झाले.

पर्याय गेटवेकडेच होता. परदेशी कार्डं स्वीकारण्याची सोय चालू करून घेतली. आता न्यू जर्सीच्या ताईंना पेमेंट लिंक जाते, त्या गेटवेच्या पानावर स्वतः नंबर भरतात. ही वाट फॉर्म ए मध्येच बसते, नवा फॉर्म लागत नाही. मशीनवर हाताने नंबर टाकण्याची सोय बँकेला सांगून बंद करून टाकली. ती चालू ठेवली असती तर पुढच्या दिवाळीत काकांनी पुन्हा "एवढ्या एका वेळेला" म्हणून वापरली असती.

जुने फोटो काढणं मात्र वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. चॅटमधून काढले तरी गॅलरीत राहतात, गॅलरीतून काढले तरी गूगल फोटोजच्या बिनमध्ये जातात आणि बॅकअप घेतलेले असतील तर तिथे साठ दिवस पडून राहतात, म्हणून बिनही रिकामी करावी लागली. मग व्हॉट्सअॅपचा जुना बॅकअप काढून नवा घेतला. सुनेच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप उघडं असायचं, तिथल्या डाउनलोड फोल्डरमध्येही दोन फोटो सापडले. वहीची पानं श्रेडरमधून काढली. पुढे कुणी न विचारता फोटो पाठवलाच तर तो लगेच डिलीट करायचा आणि लिंक पाठवायची, हे काउंटरवर लिहून ठेवलंय.

फॉर्म भरताना

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष प्रश्नावली एका दुपारी भरून झाली. प्रत्येक कलमापुढे इन प्लेस, पर्यायी उपायासह इन प्लेस, नॉट अॅप्लिकेबल आणि नॉट इन प्लेस यांपैकी एक निवडायचं असतं. सुनेचा कल सगळीकडे इन प्लेसवर टिक करून मोकळं होण्याकडे होता. फॉर्ममध्ये प्रत्येक कलमाशेजारी काय तपासायचं ते लिहिलेलं असतं: कागद बघा, सेटिंग बघा, माणसाशी बोला. ते केल्याशिवाय टिक करायचं नाही, असं आम्ही ठरवलं. नॉट अॅप्लिकेबल निवडलं तर फॉर्मच्या परिशिष्टात त्याचं कारण द्यावं लागतं. फॉर्म ए मधल्या कागदी नोंदींच्या कलमांना आम्ही ते निवडलं आणि लिहिलं की वेबसाइटच्या विक्रीत कार्डाचा नंबर असलेला कुठलाही कागद दुकानात येत नाही.

अडकलो आम्ही एकाच ठिकाणी, सेवा पुरवणाऱ्यांच्या कलमापाशी. ज्यांच्यावर कार्डाचं काम सोपवलंय त्यांची यादी, त्यांच्याशी लेखी करार, त्यांचं पालन चालू आहे याची वर्षातून एकदा खात्री, आणि कुठली जबाबदारी कुणाची याची नोंद, हे सगळं लागतं. गेटवेला विचारलं तर त्यांच्या मदतकक्षाने एक रंगीत सर्टिफिकेट पाठवलं. ते चालत नाही. पीसीआयची संस्था अशी सर्टिफिकेटं मानत नाही, तिच्या ठरलेल्या नमुन्यातलं पालनाचं प्रतिज्ञापत्रच मागायचं असतं. दुसऱ्यांदा मागितल्यावर ते आलं. त्यात मी दोन गोष्टी बघितल्या: तारीख वर्षाच्या आतली आहे का, आणि आपण घेतो ती सेवा त्यात नमूद आहे का. दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण एखादी कंपनी एका सेवेसाठी पालन करत असते आणि आपण तिची भलतीच सेवा वापरत असतो.

माहिती फुटली तर काय करायचं, याचीही एक योजना लागते. आम्ही एका पानावर लिहिली: मशीन किंवा साइटबद्दल शंका आली तर ते वापरणं थांबवायचं पण बंद करून पुरावा घालवायचा नाही, बँकेच्या अमुक नंबरवर फोन, गेटवेला मेल, वेबसाइटवाल्याला निरोप, आणि हे सगळं कोण करणार. ते पान मशिनांच्या वहीत चिकटवलं.

प्रतिज्ञापत्रावर काकांनी सही केली. सही सुनेने करावी असं त्यांना वाटत होतं, पण फॉर्मवर दुकानाचा जबाबदार अधिकारी हवा आणि दुकान त्यांच्या नावावर. दोन्ही फॉर्मांवर स्थिती कम्प्लायंट. एकही कलम नॉट इन प्लेस राहिलं असतं तर नॉन-कम्प्लायंट निवडून ते कधीपर्यंत पूर्ण करणार याची तारीख द्यावी लागली असती. तसंही करता येतं, आणि खोटी टिक करण्यापेक्षा ते बरं.

बँकेने आठवड्याभरात दोन्ही स्वीकारले. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी, पुढची प्रश्नावली वर्षाने. मध्यंतरी बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने काकांना स्वाइप मशीन संगणकाला जोडून द्यायची ऑफर दिली आहे, म्हणजे रक्कम हाताने टाकायला नको. तसं जोडलं की मशीन स्वतंत्र राहत नाही आणि बी-आयपीची अट मोडते. त्यामुळे कुठला फॉर्म लागेल हे सुनेने बँकेला मेलवर विचारलं आहे, आणि उत्तर येईपर्यंत केबल खोक्यातच ठेवायला सांगितली आहे.